येळवशीच्या पंगतीचा फोटो मागताना: एका कॅप्शनचा अनुभव

लातूरच्या एका डाळमिलसाठी येळवशीच्या तोंडावर इन्स्टाग्रामचं कॅप्शन लिहायचं होतं. मिल तूरडाळ आणि बेसन पाकिटातून विकते. वेळअमावस्येला, म्हणजेच येळवशीला, लोक रानात जेवायला जातात, भज्जी म्हणजे बेसन लावलेली मिश्र भाजी आणि आंबील यांचे फोटो काढतातच. ते फोटो ब्रँडचा हॅशटॅग लावून टाका, एवढंच ग्राहकांना सांगायचं होतं. कॅप्शन शेवटी सात-आठ ओळींचं झालं, पण बराचसा वेळ गेला तो त्यातल्या एका शब्दावर, म्हणजे हॅशटॅगवर. मिलचं नाव इथे देत नाही. त्याच्या जागी 'अमुक' वाचावं.

मालकांच्या मनात #अमुकयेळवस होतं. ऐकायला उत्तम. पण हॅशटॅग वाचायचा नसतो, समोरच्याने तो स्वतः टाइप करायचा असतो, आणि तिथेच तो फसतो. म्हणून मी एक चाचणी नेहमी घेते. हॅशटॅग लिहून दाखवायचा नाही. पाच-सहा जणांना फोनवर नुसता बोलून सांगायचा आणि त्यांनी टाइप करून पाठवायचा. 'येळवस' सांगितल्यावर येळवस, येळावस, वेळवस असं सगळं आलं. रोमन लिपीत तर yelvas, yelwas, yelavas अशी फाटाफूट झाली, कारण मराठी 'व' कुणी v ने लिहितो, कुणी w ने. इन्स्टाग्रामसाठी हे सगळे वेगवेगळे हॅशटॅग आहेत. एक अक्षर बदललं की फोटो दुसऱ्या पानावर जाऊन पडतो आणि तो आपल्याला कधी दिसतच नाही.

दुसरा प्रस्ताव होता #अमुकचंताट. यात अनुस्वार नडतो. घाईत निम्मे लोक 'चंताट'चं 'चताट' करतात, काही जण पुस्तकी पद्धतीने 'चेताट' लिहितात. रोमनमध्ये taat, tat, that असे तीन रस्ते फुटतात. तिसरा होता #अमुकशेतकऱ्यांचीपंगत. यातली अडचण डोळ्यांना दिसतही नाही. 'ऱ्यां'मधला अर्धा र काही कीबोर्ड नुक्ता असलेल्या ऱ पासून बनवतात, काही साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतले कोड निराळे असतात, म्हणजे हॅशटॅग दोन होऊ शकतात. 'ॲ'चंही तसंच आहे. शिवाय इतका लांब शब्द अंगठ्याने कोण लिहील?

शेवटी 'पंगत' सापडला. देवनागरीत तो लिहायची एकच रीत आहे, र्‍हस्व-दीर्घाचा घोळ नाही, आणि रोमनमध्येही जवळपास सगळेच pangat लिहितात. येळवशीला रानात पंगतच बसते, आणि सण सरल्यावरही हा शब्द शिळा होत नाही. लग्नात, सप्त्यात, भंडाऱ्यात तोच हॅशटॅग चालवता येतो. चाचणीत सहाही जणांनी तो एकसारखा लिहिला. तरी #अमुकपंगत आणि #AmukPangat हे दोन वेगळे हॅशटॅग आहेत हे विसरायचं नाही. रोमनमध्ये लहान-मोठ्या लिपीने फरक पडत नाही. मोठी अक्षरं फक्त दोन शब्द सुटे दिसावेत म्हणून ठेवायची. कॅप्शनमध्ये ठळकपणे एकच द्यायचा. आम्ही देवनागरी दिला आणि रोमन शेवटच्या ओळीत ठेवला. फोटो मात्र दोन्ही पानांवर शोधायचे. ठरवण्याआधी दोन्ही शब्द इन्स्टाग्रामच्या शोधात टाकून बघितले, कारण तोच हॅशटॅग दुसऱ्या कुणाच्या हॉटेलचा निघाला तर आपले फोटो त्याच्या गर्दीत मिसळतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मध्ये पडलेली मोकळी जागा. कीबोर्ड 'अमुक' सुचवतो, त्यावर बोट लावलं की पुढे आपोआप जागा सोडतो, मग 'पंगत' लिहिलं जातं. हॅशटॅग बनतो फक्त #अमुक. आडवी रेघ किंवा टिंब टाकलं तरी तो तिथेच तुटतो, खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, मात्र चालते. बरोबर लिहिलं गेलं की नाही ते ओळखणं सोपं आहे. पोस्ट टाकल्यावर पूर्ण शब्द निळा दिसला पाहिजे. त्यामुळे 'मध्ये जागा न सोडता' हे तीन-चार शब्द कॅप्शनमध्येच घातले. ते वाचायला सुंदर नाहीत, पण उपयोगाचे आहेत.

हॅशटॅगनंतरचा प्रश्न: नेमका कशाचा फोटो मागायचा? पहिल्या मसुद्यात 'येळवशीचे तुमचे खास क्षण आमच्यासोबत शेअर करा' असं होतं. ते वाचून माणूस मान डोलावतो आणि पुढे सरकतो, कारण करायचं काय ते त्याला कळत नाही. मिलची इच्छा होती की फोटोत पाकीट दिसावं. पण घरातलं चित्र डोळ्यापुढे आणलं तर लक्षात येतं की येळवशीच्या आदल्या रात्री भज्जीची तयारी होते, तेव्हाच बेसन पाकिटातून डब्यात किंवा थेट पातेल्यात जातं. रानात पाकीट येतच नाही. ते मागितलं तर ज्यांनी पाकीट टाकून दिलं ते सगळे गप्प बसतात, आणि ज्यांचा फोटो येतो तो जाहिरातीसारखा दिसतो. म्हणून पाकीट सोडलं आणि तीनच गोष्टी मागितल्या: भज्जीचं ताट, कोपीसमोरची, म्हणजे रानातल्या कडब्याच्या खोपीसमोरची, पांडवपूजा किंवा बसलेली पंगत. त्यातली कुठलीही एक. आणि कधी काढायचा तेही सांगितलं, जेवायच्या आधी. भज्जी कालवलेलं ताट कितीही चवदार असलं तरी फोटोत चांगलं दिसत नाही.

फीडमध्ये कॅप्शनच्या पहिल्या दीड-दोन ओळीच दिसतात, पुढचं 'more' दाबल्यावर उघडतं. त्यामुळे सणाच्या शुभेच्छा वर नकोत, त्या तर त्या दिवशी शंभर ठिकाणी असतात. फोटो काढा आणि हा हॅशटॅग लावा, हे पहिल्या दोन ओळींतच बसवलं.

आता परवानगी. हॅशटॅग लावला म्हणजे फोटो आपला झाला, असं बरेच दुकानदार धरून चालतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता तो काढणारा असतो. मिलच्या नावाचा हॅशटॅग लावल्याने तो हक्क मिलकडे जात नाही. म्हणून कॅप्शनमध्ये आधीच कल्पना दिली की आवडलेले फोटो विचारून पेजवर घेऊ. मग प्रत्येक फोटोखाली एकच ठरलेला मजकूर लिहायचा: 'फोटो फार आवडला. तुमच्या नावासह आमच्या पेजवर टाकू का? चालत असेल तर "हो" लिहा.' त्या 'हो'चा स्क्रीनशॉट फोटोसोबत जपून ठेवायचा. ही परवानगी पेजपुरतीच. पाकिटावर किंवा बॅनरवर छापायचा असेल तर काय, कुठे आणि किती दिवस, हे लिहून वेगळी संमती घ्यावी लागते. रानातल्या पंगतीत हमखास लेकरं असतात, शेजारच्या शेतातली माणसंही असतात. लेकरांचे चेहरे स्पष्ट असतील तर त्यांच्या आईवडिलांचा होकार आल्याशिवाय तो फोटो उचलायचा नाही. अशा वेळी ताटाचा फोटो निवडावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

बक्षीस ठेवलं नाही. ठेवलं असतं तर इन्स्टाग्रामच्या नियमाप्रमाणे ही योजना इन्स्टाग्रामची नाही असं लिहावं लागलं असतं. वर निवड कशी होणार ते सांगा आणि निकाल सगळ्यांना कळवा, हेही आलंच. आठ ओळींत हे मावत नाही. शिवाय बक्षिसासाठी जुने आणि दुसऱ्यांचे फोटो येऊ लागतात, आणि मग खरा कुठला हे शोधत बसावं लागतं.

दोन गोष्टी पहिल्या मसुद्यात चुकल्या होत्या. एक, 'आज रात्रीपर्यंत' अशी मुदत होती. शिवारात अनेक ठिकाणी नेटवर्क धड नसतं. लोक संध्याकाळी घरी येतात, थकलेले असतात, फोटो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाकतात. मुदत तीन दिवसांची केली. दोन, खासगी खात्यांचा विचार केलेला नव्हता. खातं प्रायव्हेट असेल तर हॅशटॅग अचूक लावूनही तो फोटो हॅशटॅगच्या पानावर आपल्याला दिसत नाही. गावाकडच्या बायकांची बरीच खाती प्रायव्हेट असतात, आणि खूप जणी तर फोटो फक्त व्हॉट्सॲप स्टेटसलाच ठेवतात. त्यांना 'खातं पब्लिक करा' असं सांगणं योग्य नाही. त्यांच्यासाठी मिलचा व्हॉट्सॲप नंबर दिला. तिथे फोटो नेहमीसारखा पाठवला की बारीक होतो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ आकारात येतो.

शेवटी गेलेलं कॅप्शन हे:

> येळवशीला रानात पंगत बसली की जेवायच्या आधी एक फोटो काढा आणि #अमुकपंगत लावून टाका.
>
> भज्जीचं ताट, कोपीसमोरची पूजा किंवा बसलेली पंगत, काहीही चालेल. हॅशटॅग मध्ये जागा न सोडता लिहा आणि आम्हाला टॅग करा: @amuk
>
> रानात नेटवर्क नसेल तर घरी आल्यावर टाका, सणानंतर तीन दिवस वाट बघू.
>
> खातं प्रायव्हेट आहे? फोटो आणि गावाचं नाव व्हॉट्सॲपवर पाठवा, नंबर प्रोफाइलमध्ये आहे.
>
> आवडलेले फोटो तुम्हाला विचारून, तुमच्या नावासह आणि गावासह इथे लावू.
>
> #AmukPangat

गावाचं नाव मागितलं ते मुद्दाम. फोटोखाली औसा, निलंगा, उमरगा असं नाव दिसलं की त्या गावची माणसं आपापसात तो पाठवतात.

पोस्ट सणाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी टाकली, म्हणजे बाजारहाट करताना नजरेखालून जाते. येळवशीच्या सकाळी लोक निघायच्या आत तीच स्टोरीवर पुन्हा ठेवली. त्याआधी हॅशटॅगचं पान रिकामं दिसू नये म्हणून मिलमधल्या कामगारांचे गेल्या वर्षीचे नऊ फोटो त्यांना विचारून मिलच्याच खात्यावरून टाकले, खाली 'आमच्या मिलमधली मंडळी' असं लिहून. ते ग्राहकांचे म्हणून खपवले असते तर पहिल्याच ओळखीच्या माणसाने कॉमेंटमध्ये उघडं पाडलं असतं.

पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाच ठिकाणी बघायचं होतं: #अमुकपंगत, #AmukPangat, चुकून तुटलेला #अमुक, टॅग केलेल्या पोस्टचा रकाना आणि व्हॉट्सॲप. स्टोरीत टॅग केलेले फोटो आधी बघायचे, कारण त्या 24 तासांत जातात आणि परवानगी विचारायलाही मग काही उरत नाही.