x = 1 ला अडलेली बेरीज

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका बेरजेपाशी दोन दिवस अडले होते. बेरीज ही:

1 − 1/4 + 1/7 − 1/10 + 1/13 − …

पहिल्या संध्याकाळी मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. नऊ पदांची बेरीज 0.8545 आली, दहावं पद वजा केल्यावर 0.8187. आकडा एकदा वर, एकदा खाली. मधे कुठेतरी थांबणार हे कळत होतं, पण दहा पदांनंतरही दुसरा दशांशसुद्धा पक्का होत नव्हता.

मग छेदांकडे नीट पाहिलं. 1, 4, 7, 10 म्हणजे 3n+1, आणि x³ⁿ चं 0 ते 1 इंटिग्रेशन केलं की बरोबर 1/(3n+1) येतं. म्हणजे आपली बेरीज 1 − x³ + x⁶ − x⁹ + … या पॉवर सिरीजचं एकेक पद इंटिग्रेट करून मिळते. ही गुणोत्तर श्रेढी आहे, तिची बेरीज 1/(1+x³). उरलं ते एक साधं इंटिग्रेशन. पार्शल फ्रॅक्शन्स केल्यावर

1/(1+x³) = (1/3) · [ 1/(1+x) + (2−x)/(x²−x+1) ]

पहिल्या भागातून (1/3) ln 2 आलं. दुसऱ्यात 2−x चे दोन तुकडे केले, −(2x−1)/2 आणि 3/2. पहिल्या तुकड्याचा लॉग दोन्ही टोकांना शून्य होतो, कारण x²−x+1 ची किंमत 0 ला आणि 1 ला सारखीच, 1 आहे. दुसऱ्या तुकड्यातून arctan निघतो. शेवटी:

(1/3) ln 2 + π/(3√3) ≈ 0.8356

आदल्या दिवशीच्या 0.8545 आणि 0.8187 ची सरासरी काढली तर 0.8366 आली. खूप आनंद झाला. नुसत्या भागाकारांच्या बेरजेतून ln 2 आणि π एकत्र बाहेर पडले होते!

वही सरांना दाखवली. त्यांनी उत्तराकडे पाहिलंच नाही. "एकेक पद इंटिग्रेट करायची परवानगी कुठपर्यंत आहे?" असं विचारलं. मी म्हटलं, |x| < 1. "मग 1 पर्यंत कशी गेलीस? x = 1 ला तुझी सिरीज 1 − 1 + 1 − 1 होते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कन्व्हर्जन्सच्या त्रिज्येच्या आत, म्हणजे 0 पासून 1 पेक्षा लहान कुठल्याही r पर्यंत, पदापदाने इंटिग्रेशन बिनधास्त चालतं. मी मात्र नेमकी काठावर उभी होते.

सरांनीच वाट दाखवली: अनंत पदं घेऊच नकोस, n पदांवर थांब आणि उरलेलं हिशेबात धर. n पदांनंतर जे उरतं ते नेमकं ±x³ⁿ/(1+x³) असतं. छेद 1 पेक्षा लहान होत नाही, त्यामुळे त्याचं 0 ते 1 इंटिग्रल 1/(3n+1) पेक्षा मोठं असू शकत नाही, आणि n वाढला की ते शून्याकडे जातं. एवढ्याने उत्तर सिद्ध झालं. दुसरी वाट आबेलच्या 1826 च्या प्रमेयाची: मूळ संख्यांची सिरीज कन्व्हर्ज होते हे आधी माहीत असेल, तर x ला 1 कडे नेऊन येणारी मर्यादा हीच तिची बेरीज.

यातलं "आधी माहीत असेल तर" किती महत्त्वाचं आहे ते सरांनी फळ्यावर दुसरं उदाहरण लिहिल्यावर कळलं. 1/(1+x)² = 1 − 2x + 3x² − 4x³ + … . 0 ते 1 इंटिग्रेशन केलं तर डावीकडे स्वच्छ 1/2. उजवीकडे एकेक पद इंटिग्रेट केलं तर 1 − 1 + 1 − 1 + …, जिची बेरीज नाहीच. n पदांनंतरची बेरीज 1 किंवा 0, म्हणजे 1/2 पासूनचा फरक कायम अर्धा. तो कितीही पुढे गेलं तरी कमी होत नाही. इंटिग्रलचं उत्तर नीट आलं म्हणून सिरीजला बेरीज आहे असं होत नाही. तेव्हापासून मी उत्तराच्या आधी उरलेला भाग तपासते.

दुसरी अडचण वेगळ्या जातीची आहे, आणि ती मला त्याच आठवड्यात भेटली. उत्साहाच्या भरात 1 + 1/4 + 1/9 + 1/16 + … घेतली. 1/(1−x) ची सिरीज एकदा इंटिग्रेट केली, x ने भागलं, पुन्हा इंटिग्रेट केलं. इथे काठावर काही बिघडत नाही, सगळी पदं धन असल्यामुळे अदलाबदल चालते. पण हाती येतं ते −ln(1−x)/x चं 0 ते 1 इंटिग्रल, आणि या फंक्शनचं अँटिडेरिव्हेटिव्ह ओळखीच्या फंक्शन्समध्ये लिहिताच येत नाही. पार्शल फ्रॅक्शन्स, सबस्टिट्यूशन, बाय पार्ट्स, सगळं करून पाहिलं. प्रत्येक वेळी फिरून त्याच बेरजेवर आले. तिची किंमत π²/6 आहे हे ऑयलरने दाखवलं, तेही साइनच्या सिरीजवरून, वेगळ्याच वाटेने.