क्लायंटला मेल लिहायला शिकले तो महिना

सीए ऑफिसमध्ये आर्टिकलशिपचा माझा दुसराच महिना होता आणि सर म्हणाले, जीएसटीचे मेल आता तू टाकत जा. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं 2बी, म्हणजे सप्लायरनी दाखवलेल्या बिलांची यादी, 14 तारखेला येतं आणि टॅक्स भरायचं रिटर्न 3बी भरायचं 20 पर्यंत, म्हणजे मधल्या पाच-सहा दिवसांतच परचेस रजिस्टर जुळवायचं आणि जी बिलं 2बीत दिसत नाहीत ती क्लायंटला विचारायची.

माझ्या पहिल्या मेलचा सब्जेक्ट होता "GST Documents". आत लिहिलेलं, काही बिलं मॅच होत नाहीयेत, फाइल जोडली आहे, बघून कळवा. फाइलचं नाव Book1.xlsx आणि त्यात अख्ख्या महिन्याच्या एंट्र्या. उत्तरच नाही. शेवटी 18 ला फोन केला तर ते म्हणाले, "मॅडम, मी सगळं मोबाइलवर बघतो, नेमकी कुठली बिलं हवीत ते कळलंच नाही हो."

पुढच्या महिन्यात सब्जेक्ट असा टाकला:

```
GSTR-3B Aug: 3 bills not in 2B, reply by 17 Sep
```

मोबाइलवर सब्जेक्टचा शेवट कापला जातो म्हणून काम आणि महिना आधी. मेलमध्येच तिन्ही बिलं लिहिली, सप्लायरचं नाव, बिल नंबर, तारीख, टॅक्स, म्हणजे फाइल न उघडताही कळावं. आणि करायचं काय तेही स्पष्ट, बिलाचा फोटो पाठवा आणि सप्लायरला विचारा की त्याने विक्रीचा रिटर्न जीएसटीआर-1 भरलाय का, कारण बिल 2बीत आलं नाही तर त्यावर दिलेल्या टॅक्सचं क्रेडिट या महिन्यात घेता येत नाही. फाइलमध्ये फक्त त्याच तीन ओळी ठेवल्या, नावात क्लायंट आणि महिना.

पण त्याच आठवड्यात एका क्लायंटला दुसऱ्याची शीट गेली. दोन्ही फाइलींचं नाव Mismatch_Aug होतं, क्लायंटचं नाव टाकायचं राहिलेलं. लगेच सरांना सांगितलं, त्यांनी दोघांनाही स्वतः फोन केला, मला फार वाईट वाटलं कारण कोणाकडून किती माल घेतो हे धंद्यातलं आतलं असतं. तेव्हापासून आधी फाइल जोडते, ड्राफ्टमधूनच ती उघडून बघते आणि To मधला पत्ता सगळ्यात शेवटी टाकते. जीमेलच्या सेटिंगमध्ये Undo Send पण 30 सेकंद करून ठेवलंय.

17 ला सकाळपर्यंत त्या तीन बिलांचं उत्तर नव्हतं, म्हणून त्याच मेलवर रिप्लाय करून आठवण केली, फाइल परत जोडली कारण रिप्लायमध्ये जुनी अटॅचमेंट जात नाही. दुपारी फोटो आले. एका बिलाचा नंबर आमच्याकडूनच चुकीचा टाइप झालेला, तो जुळला. बाकी दोघांनी जीएसटीआर-1 भरलाच नव्हता, ती बिलं पुढच्या महिन्यावर ठेवून 19 ला 3बी भरलं.