रात्री तीनला फोन वाजला, तर?

पावत्या तयार करून देणारी आमची नवी सर्व्हिस लाइव्ह जायला दोन दिवस होते. आढाव्यात आमच्या लीडने विचारलं, "लक्ष कशावर ठेवणार?" मी डॅशबोर्ड उघडला. सीपीयू, मेमरी, डिस्क असे चाळीसेक आलेख होते आणि सीपीयू ८०%च्या वर गेला की ऑन-कॉलवाल्याला फोन.

"रात्री तीनला फोन आला, सीपीयू ८५% आहे, पण पावत्या वेळेत मिळतायत. उठून काय करशील?"

करण्यासारखं काहीच नव्हतं. तो अलर्ट मी तिथेच काढला.

दुपारी लोड टेस्ट लावली, आणि खरा धक्का तिथे बसला. एका वेळी २० वर्कर, एका पावतीला साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १०० पावत्या निघणार. आम्ही १२० मागितल्या. सेकंदाला २० विनंत्या मागे पडत गेल्या. मिनिटभरात रांग १२०० वर गेली आणि नव्या विनंतीला नुसतं थांबायलाच १२ सेकंद लागू लागले. माझ्या आलेखावर मात्र वेळ तेच २०० मिलिसेकंद! सीपीयूही निवांत, कारण वर्कर डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसलेले. आमचं घड्याळ वर्करने विनंती हातात घेतल्यावर सुरू होत होतं. रांगेतला वेळ कोणी मोजतच नव्हतं.

म्हणून मोजमाप विनंत्या सर्व्हिसपर्यंत पोचवणाऱ्या लोड बॅलन्सरवर नेलं. सर्व्हिस पूर्ण झोपली तरी तिथे नोंद होते, हाही फायदा. रांगेची लांबी आणि मोकळे वर्कर डॅशबोर्डवर ठेवले, ते कारण शोधायला. फोन मात्र ग्राहकाला त्रास झाला तरच वाजायचा.

मग एसएलओ, म्हणजे सर्व्हिसने गाठायचं उद्दिष्ट, ठरवला: ३० दिवसांत ९९.९% विनंत्यांना एका सेकंदात, बिनचूक उत्तर. महिन्याला १० लाख विनंत्या अपेक्षित होत्या, म्हणजे १००० बिघडल्या तरी चालतील. हेच आमचं एरर बजेट. तासाभरात त्यातलं २% संपलं तर फोन, असं ठरलं. सरासरीने तासाला १३९० विनंत्या धरल्या, तर त्यातल्या २० बिघडल्या की वाजेल. सोबत शेवटच्या पाच मिनिटांतही बिघाड चालू असला पाहिजे, अशी अट घातली, नाहीतर दुरुस्ती झाल्यावरही तासभर तो वाजतच राहतो.

मी अलर्टमध्ये हे १.४४% असं प्रमाण म्हणून लिहिलं. लीडने लगेच बोट ठेवलं: "पहाटे तासाला ३० विनंत्या येतात. त्यातली एक बिघडली तरी ३% होतात."

खरंच होतं. एका फसलेल्या पावतीसाठी कुणाची झोप मोडायची नाही. तासात निदान २० विनंत्या बिघडल्या असतील तरच, ही अट त्याच संध्याकाळी जोडली. चाळीस आलेखांपैकी पहिल्या पानावर सहा उरले.