लिस्बनच्या हॉटेलात टीव्हीची स्ट्रीमिंग स्टिक अखेर चालली, मॅक अॅड्रेसने दोन रात्री खाल्ल्या

मंडळी, फोंड्याहून निघताना मागच्या नोंदीत लिहिलं होतं की या वेळी स्टिकच्या आधी पिवळा छोटा राउटर लावणार. हॉटेलात खोलीमागे दोनच उपकरणांना वाय-फाय मिळतं आणि आमच्याकडे तीन फोन अधिक स्टिक. राउटर हॉटेलच्या वाय-फायवर बसला की बाकी सगळं त्याच्यामागे. राउटरच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड घरचाच ठेवला होता, त्यामुळे स्टिकला काही सांगावंच लागलं नाही, चालू करताच ती जोडली गेली.

पण इंटरनेट नाही. राउटरला हॉटेलकडून आयपी मिळालेला, तरी खोली क्रमांक आणि आडनाव विचारणारं लॉगिन पान फोनवर उघडेचना. `http://neverssl.com` टाकून बघितलं, नुसतं फिरत राहिलं. मग नेहमीचा उपाय केला: फोन थेट हॉटेलच्या वाय-फायवर नेऊन लॉगिन केलं, परत राउटरवर आलो आणि त्याच्या यादीतून माझा फोन निवडून त्याचा मॅक, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, राउटरवर क्लोन केला. हॉटेलला वाटायला हवं की हा तोच फोन आहे. तरीही काही नाही. तीनदा केलं, राउटर रीस्टार्टही केला. आई कीर्तनाची वाट बघत झोपून गेली, त्याचं फार वाईट वाटलं.

दुसरी रात्रही तशीच गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला म्हापशाच्या आपल्या मित्राला फोन लावला, गोव्यात तेव्हा साडेअकरा झाले होते. त्याने एकच विचारलं, "अरे, यादीत दिसणाऱ्या मॅकचं दुसरं अक्षर काय?"

`DA` ने सुरू होत होता. दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल तर तो फोनचा खरा मॅक नसतो, फोनने बनवलेला असतो. आणि हल्लीचे फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा बनवतात! हॉटेलच्या वाय-फायच्या तपशिलात जाऊन बघितलं तर तिथला `6E` ने सुरू होणारा. म्हणजे हॉटेलने ओळखलेला होता `6E` वाला आणि मी क्लोन करत होतो `DA` वाला, कारण राउटरला फोनचा तोच चेहरा दिसत होता. यादी सोडून `6E` वाला मॅक हाताने टाकला, फोनवरून हॉटेलचं वाय-फाय विसरायला लावलं (नाहीतर एकाच मॅकची दोन उपकरणं भांडतात आणि नेट तुटत राहतं), आणि अर्ध्या मिनिटात स्टिकवर चित्रं आली. त्या रात्री आईने पूर्ण कीर्तन बघितलं, तेही यूट्यूबवर लॉगिन न करता.

टीव्हीच्या यूएसबीवर स्टिक मध्येच रीस्टार्ट होत होती. सोबतचा अॅडॉप्टर लावल्यावर थांबली. तो घरी ठेवून जाऊ नका.

लॉगिनबद्दल माझं मत ठाम आहे: सगळी अॅप्स निघण्याआधी घरच्या वाय-फायवर लॉगिन करून न्यावीत. ओटीपी भारतीय सिमवर येतो आणि परदेशात रोमिंग चालू नसेल तर तिथेच अडतं. तरी एक अॅप इथे लॉगआउट झालंच. टीव्हीवर कोड आला, तो मी फोनवर मोबाइल डेटावरून टाकला. रिमोटने पासवर्ड टाकला नाही. कोड टाकायच्या पानाचा पत्ताही टीव्हीवर दिसला तसाच हाताने टाकला, सर्चमधून शोधला नाही. सर्चमध्ये हुबेहूब खोटी पानं असतात, ती कोड घेऊन वर 'अॅक्टिव्हेशन'चे पैसे मागतात. खरं पान त्यासाठी पैसे मागत नाही. खोलीच्या टीव्हीत आधीपासून असलेल्या अॅप्सना तर मी हातच लावला नाही.

हे लिहिताना डोक्यात आलं: पान मुळात उघडलं का नाही? साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारं डीएनएस मी घरीच राउटरवर एन्क्रिप्टेड करून ठेवलंय. हॉटेल साध्या डीएनएस उत्तरातून आपल्याला लॉगिन पानाकडे वळवतं, आणि माझा राउटर ते उत्तर ऐकतच नव्हता. थांबा, करूनच बघतो.

केलं. क्लोन काढला, डीएनएस 'ऑटोमॅटिक' केलं, सोबत आतल्या पत्त्याकडे नेणारी डीएनएस उत्तरं अडवणारं रीबाइंडिंग संरक्षणही बंद केलं, कारण लॉगिन पान हॉटेलच्या आतल्याच पत्त्यावर असू शकतं. पान लगेच उघडलं, खोली क्रमांक आणि आडनाव टाकलं, झालं. क्लोनची गरजच नव्हती. लॉगिन झाल्यावर दोन्ही पुन्हा चालू केलं, नेट टिकून आहे. उद्या लॉगिनची मुदत संपेल तेव्हा पान पुन्हा मागेल का, आणि त्यासाठी दर वेळी हे बंद-चालू करावं लागेल का, ते बघून कळवतो.