एका ओळीच्या कॅप्शनसाठी

6 डिसेंबर, रात्री

आमच्या लायब्ररीत जुन्या मुंबईच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन लावायचं चाललंय, आणि कॅप्शन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बाकीचे फोटो पटापट उरकले, ट्राम, गिरणी, गोदी, काही अडलं नाही. अडलं ते बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेच्या फोटोपाशी. लायब्ररीतल्या ताई म्हणाल्या, "एका ओळीत लिही बाबा, अंत्यविधी कुणी केला, कोण कोण होतं, कुठे झाला, संपलं." मला पण वाटलं संपलं. आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि टेबलावर चार चरित्रं उघडी पडलीयेत.

आधी तारखेचं सांगतो कारण तिथूनच गडबड सुरू होते. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात 6 डिसेंबर पक्कं बसलेलं आहे, ते बरोबरच, महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 चं, दिल्लीत, 26 अलीपूर रोडच्या बंगल्यात, रात्री झोपेत. पण अंत्यविधी त्या दिवशीचा नाही, तो 7 तारखेच्या संध्याकाळचा आणि तो मुंबईत, दादर चौपाटीवर. म्हणजे जुने पेपर चाळायचे असतील तर 7 तारखेचा अंक काढून उपयोग नाही, त्यात फक्त निधनाची बातमी आणि श्रद्धांजल्या, अंत्ययात्रेची हकीकत हवी तर 8 डिसेंबरचा सकाळचा अंक बघायला लागतो. फोटोखाली नुसतं "6 डिसेंबर 1956" लिहिलेलं मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता ते वाचलं की त्या कॅप्शनमधल्या बाकीच्या गोष्टींवरचा पण विश्वास उडतो.

आणि याच दोन दिवसांच्या घोळामुळे "कोण कोण हजर होतं" या यादीची खिचडी होते. पंडित नेहरू अलीपूर रोडवर अंत्यदर्शनाला आले होते, लोकसभेत त्यांनी श्रद्धांजली वाहिली, सभागृहाचं कामकाज तहकूब झालं, हे सगळं दिल्लीतलं, 6 तारखेचं. पण फॉरवर्डमध्ये काय होतं, दिल्लीची नावं आणि दादरची नावं एकाच वाक्यात घालतात आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळे चौपाटीवरच उभे होते. जगजीवनराम यांचं पण तसंच. ते तेव्हा केंद्रात दळणवळण मंत्री होते, पार्थिव मुंबईला आणायला विमान मिळालं त्यात त्यांची मदत होती, एवढ्यावरून त्यांना चौपाटीवर नेऊन उभं करता येत नाही. म्हणून मी सरळ कागदावर मधोमध रेघ मारली, डावीकडे दिल्ली, उजवीकडे मुंबई, आणि प्रत्येक नाव कुठल्या बाजूला जातं ते बघत गेलो. दोन्हीकडे येणारी नावं फार थोडी निघाली, विमानातून पार्थिवाबरोबर जे आले तेच. त्यात बाबासाहेबांच्या पत्नी माईसाहेब आहेत, बाबासाहेबांचे सेक्रेटरी नानकचंद रत्तू आहेत आणि भदंत आनंद कौसल्यायन आहेत.

हे शेवटचं नाव महत्त्वाचं, कारण "अंत्यविधी कुणी केला" याचं उत्तर तिथेच फाटे फोडतं. अग्नी कुणी दिला असं विचाराल तर मुलाने, यशवंतराव म्हणजे भैयासाहेबांनी, संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला, चंदनाच्या चितेला. विधी कुणी केला असं विचाराल तर बौद्ध भिक्खूंनी, आणि त्या दिवशीच्या सगळ्या हकिकतींमध्ये ठळक नाव येतं ते आनंद कौसल्यायनांचं. एका पुस्तकात "भैयासाहेबांनी अंत्यसंस्कार केले" असं आहे, दुसऱ्यात "आनंद कौसल्यायनांनी अंत्यसंस्कार केले", आणि माणूस म्हणतो बघा, यांच्यातच मेळ नाही. दोघंही बरोबर आहेत हो. आपल्याकडे घरच्या कुठल्याही मयताला अग्नी देणारा वेगळा आणि विधी सांगणारा वेगळा असतो, ते आपण कधी गोंधळत नाही, मोठ्या माणसाच्या बाबतीतच का गोंधळतो कळत नाही.

हा विधी बौद्ध पद्धतीने झाला ही गोष्ट आज आपण सहज वाचून पुढे जातो. पण तारखा मांडून बघा ना. नागपूरची दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ला, कुशीनगरच्या महास्थवीर चंद्रमणींच्या हातून. तिथून अंत्ययात्रेपर्यंत आठ आठवडे पण झालेले नाहीत. इतक्या दिवसांत नव्याने बौद्ध झालेल्या समाजाकडे स्वतःचे भिक्खू कुठून असणार, मयताचं काय करायचं, काय म्हणायचं याची सवय तरी कुठून असणार. शिवाय मुंबईतल्या बऱ्याच लोकांची तर अजून दीक्षाच झाली नव्हती, मुंबईचा दीक्षेचा कार्यक्रम 16 डिसेंबरला ठरला होता आणि बाबासाहेब स्वतः येणार होते. म्हणजे गर्दीतले कितीतरी लोक कागदावर अजून जुन्याच धर्मात, आणि समोर ज्यांची चिता रचलेली ते बौद्ध.

मग चौपाटीवरच जे घडलं ते घडलं. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी त्या जनसमुदायापुढे तो 16 तारखेचा संकल्प सांगितला आणि तिथल्या तिथे दीक्षा घ्यायचं आवाहन केलं, आणि आनंद कौसल्यायनांनी एक लाखाच्या वर लोकांना दीक्षा दिली. चितेपाशी. मला हे वाचताना दर वेळी थांबायला होतं. अंत्यविधी सांगायला आलेल्या भिक्खूंनी त्याच जागेवर त्याच संध्याकाळी लाखभर लोकांचा धर्मांतराचा विधी पण केला, असं दुसरं उदाहरण निदान माझ्या वाचनात नाही. मग या माणसाला कॅप्शनमध्ये "पुरोहित" म्हणायचं? एका जुन्या मजकुरात तसं म्हटलंय, मला नाही पटलं, मी भदंतच ठेवलं.

आता मार्ग. पार्थिव 7 तारखेला पहाटे मुंबईत आलं, सांताक्रूझ विमानतळावरून हिंदू कॉलनीतल्या राजगृहावर, म्हणजे बाबासाहेबांच्या घरी नेलं, तिथे अंत्यदर्शनाला रांगा, आणि दुपारी यात्रा निघाली. राजगृहापासून दादरचा समुद्र तसा काही लांब नाही, सरळ चालत गेलं तर अर्ध्यापाऊण तासाचं काम. पण यात्रा सरळ गेलीच नाही. व्हिन्सेंट रोडने, ज्याला आज आपण आंबेडकर रोड म्हणतो त्याने, आधी खाली परळकडे, पोयबावडी, मग एल्फिन्स्टनच्या पुलावरून पलीकडे, सयानी रोड, गोखले रोड करत वर चौपाटीला. नकाशावर बोट फिरवलं की कळतं हा वळसा कशाला, सगळा गिरणगाव त्या वळशात येतो. ज्या चाळींतली माणसं आयुष्यभर त्यांच्या सभांना आली त्यांच्या दारावरून ती यात्रा गेली. अनेक गिरण्या त्या दिवशी बंद होत्या. फोटोत ट्रक दिसतो, फुलांनी झाकलेला, आणि नीट बघितलं तर उशाशी बुद्धाची मूर्ती. मी आधी फक्त गर्दी बघत होतो, ती मूर्ती भिंग घेतल्यावर दिसली. फोटो अंत्ययात्रेचाच आहे, नुसत्या कुठल्या मिरवणुकीचा नाही, हे सांगायला ती मूर्ती पुरेशी आहे.

आमच्या बिल्डिंगमधले काका तेव्हा शाळकरी होते, परळला राहायचे. ते म्हणतात, आम्ही गॅलरीत सकाळपासून जागा धरून होतो आणि ट्रक समोरून गेला तेव्हा मला काहीच दिसलं नाही कारण पुढची सगळी मोठी माणसं एकदम रडायला लागली आणि आईने मला पोटाशी धरलं. बस, एवढीच त्यांची आठवण. प्रदर्शनात लावता येणार नाही पण मला ती आवडली.

गर्दीचा आकडा हा सगळ्यात निसरडा भाग. कुठे पाच लाख, कुठे दहा-बारा लाख, आणि फॉरवर्डमध्ये तर विचारूच नका. 1951 च्या जनगणनेत अख्ख्या बृहन्मुंबईची वस्ती तीस लाखांच्या आसपास होती. म्हणजे पाच लाख धरले तरी शहरातल्या दर सहा माणसांमागे एक, बाहेरगावचे आले असतील तो भाग वेगळा. पाच लाख हा आकडाच इतका प्रचंड आहे की तो वाढवायची गरज का पडते कुणास ठाऊक. शिवाय रस्त्याच्या कडेला उभे असलेले, यात्रेबरोबर चाललेले आणि चौपाटीवर पोचलेले हे तीन वेगळे घोळके, आकडा देणारा यातला कुठला मोजतोय ते कधीच सांगत नाही.

जागेबद्दल पण एक अडचण आली, ही शोधणाऱ्यांच्या कामाची. 1956 च्या मजकुरात चैत्यभूमी शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही, कारण तेव्हा चैत्यभूमी नव्हतीच. तेव्हाच्या बातम्यांत दादरची हिंदू स्मशानभूमी किंवा दादर चौपाटी असतं. स्तूप नंतर उभा राहिला, त्यासाठी भैयासाहेबांनी वणवण करून निधी जमवला, आणि उद्घाटन झालं 5 डिसेंबर 1971 ला, भैयासाहेबांच्या पत्नी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते. म्हणून "चैत्यभूमीवर अंत्यसंस्कार झाले" हे आजच्या माणसाला जागा कळावी म्हणून ठीक, पण त्या दिवसाचं वर्णन म्हणून चूक. ताई म्हणाल्या लोकांना चैत्यभूमीच कळतं, मी म्हटलं दोन्ही लिहू, त्या म्हणाल्या मग एक ओळ कशी होणार.

आणखी एक नाव घालू की नको असं चाललं होतं, आचार्य अत्र्यांचं. त्यांनी तिथे भाषण केलं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात, द्वैभाषिक राज्य येऊन जेमतेम महिना झालेला, आणि अत्रे तिथे बोलले ते त्या चळवळीतला माणूस म्हणून पण आणि शोक करणारा म्हणून पण. विधीशी त्यांचा संबंध नाही, उपस्थितांमध्ये मात्र त्यांचं नाव यायलाच हवं, म्हणून वेगळ्या वाक्यात घेतलं.

तर शेवटी ताईंना पाठवलेला मजकूर हा: "7 डिसेंबर 1956. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची राजगृह ते दादर चौपाटी अंत्ययात्रा. दादरच्या स्मशानभूमीत (आजची चैत्यभूमी) बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार, विधी भदंत आनंद कौसल्यायन व भिक्खू संघ, अग्नी पुत्र यशवंत आंबेडकर. त्याच ठिकाणी लाखाहून अधिक लोकांना बौद्ध धम्माची दीक्षा. आचार्य अत्रे यांचे श्रद्धांजलीपर भाषण. उपस्थिती लाखोंची."

पाच मिनिटांत त्यांचा रिप्लाय आला. "फ्रेमपेक्षा कॅप्शन मोठं झालंय. अत्रे काढू का?" मी लिहिलं, काढायचंच तर "लाखोंची" काढा, ते फोटोत दिसतंय.