भाजणी घेणारीला तयार चकलीचा मेल नको

"ताई, दिवाळीचा मेल सगळ्या ग्राहकांना एकच का नाही पाठवत तुम्ही? आणि जुन्या खरेदीवरून गट पाडायचे तर नेमके कसे?"

चकलीची भाजणी नेणाऱ्या बायकांमुळे मला हे पहिल्यांदा कळलं. नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या दुकानात तयार चकलीही मिळते आणि भाजणीही. दोन्ही घेणाऱ्यांना आम्ही "तयार फराळावर १० टक्के सूट" हा एकच मेल पाठवत असू. पण जी बाई भाजणी आणि अनारशाचं पीठ नेते, ती फराळ घरी करणारी आहे. तिला तयार चकली स्वस्त देऊन काय उपयोग? तिला हवं असतं ताजं दळलेलं पीठ, आणि तेही लवकर, कारण तिचा घाणा दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधीच निघतो. आमचा मेल जायचा दिवाळीच्या आठवडाभर आधी. म्हणजे शब्दही चुकीचे आणि दिवसही चुकीचा.

त्यामुळे गट पाडताना मी किती पैशांची खरेदी झाली याकडे आधी बघत नाही. घेतलेल्या वस्तूवरून घरात काय चाललंय ते कळतं का, ते बघते. आमच्या यादीत असे चार गट निघाले: ऑफिससाठी एकदम वीस-पंचवीस डबे नेणारे, बाहेरगावी फराळ पाठवणारे, घरी करणारे आणि आपल्यापुरता तयार फराळ घेणारे. यादीत १,९०० च्या आसपास पत्ते आहेत. एवढ्या यादीला चार गट पुरतात. संत्रा बर्फीवाल्यांचा वेगळा, सावजी मसालेवाल्यांचा वेगळा असं करत गेलं, तर तीस-चाळीस माणसांचे तुकडे होतात आणि प्रत्येकासाठी वेगळं लिहिता लिहिता दिवाळी निघून जाते.

बाहेरगावी पाठवणारे ओळखणं सोपं आहे: बिलाचा पिनकोड एक आणि पार्सलचा दुसरा. ऑर्डरची फाइल उतरवून घेतली की स्प्रेडशीटच्या A स्तंभात ईमेल, B मध्ये तारीख आणि C मध्ये पार्सलचा पिनकोड ठेवते. बाजूला H मध्ये प्रत्येक ग्राहकाचा ईमेल एकदाच आणि J मध्ये त्याचा बिलाचा पिनकोड. K1 आणि K2 मध्ये दिवाळीच्या खरेदीची सुरुवात आणि शेवट.

```
=COUNTIFS(A:A,H2,B:B,">="&$K$1,B:B,"<="&$K$2,C:C,"<>"&J2,C:C,"<>")
```

उत्तर शून्याच्या वर आलं की तो माणूस पार्सलवाला. पण एका ऑर्डरमध्ये तीन वस्तू असतील तर फाइलमध्ये बहुधा तीन ओळी येतात, म्हणून या आकड्याला ऑर्डरींची संख्या समजू नका. रद्द झालेल्या ऑर्डरी आधी काढून टाका. ईमेलच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागाही काढा, नाहीतर एकच माणूस दोन वेगळी माणसं दिसतो.

खरी गफलत होते ती K1 आणि K2 मध्ये. पहिल्या वर्षी मी सरळ "ऑक्टोबर" धरला होता. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं आणि २४ ऑक्टोबरला दसरा. त्यामुळे माझ्या गटात दसऱ्याची मिठाई नेणारे भरले आणि दिवाळीचे शेवटच्या आठवड्यातले ग्राहक सगळे बाहेर राहिले. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. तारीख इतकी हलते, तेव्हा महिना धरून चालत नाही. आता मी त्या त्या वर्षीच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून लक्ष्मीपूजनापर्यंतचे दिवस धरते आणि गेल्या तीन दिवाळ्या वेगवेगळ्या तपासते. एका वर्षी चुकलेला माणूस दुसऱ्या वर्षी सापडतो.

एक माणूस दोन गटांत बसला तर? भाजणीही नेतो आणि पुण्याला डबाही पाठवतो. त्याला मी पार्सलवाल्यांत घालते, कारण कुरिअरची तारीख हुकली की मग काहीच करता येत नाही. भाजणी तो कधीही येऊन नेऊ शकतो. त्याच्या मेलमध्ये खाली एक ओळ भाजणीची टाकते. मोठा मेल मात्र एकालाच एकच.

आता शब्द. पार्सलवाल्यांना सूट मी देतच नाही. त्यांची चिंता डबा वेळेत पोचण्याची असते. २०२५ मध्ये धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती, तर त्यांच्या मेलचा विषय होता: "धनत्रयोदशीआधी फराळ पोचवायचा? १० ऑक्टोबरपर्यंत सांगा." आत एवढंच, की मागचा पत्ता आमच्याकडे आहे, बदलला असेल तर कळवा. ऑफिसवाल्यांना जीएसटीचं बिल, डब्यांची संख्या आणि डब्यावर कंपनीचं नाव छापायला लागणारे दिवस. घरी करणाऱ्यांना "भाजणी या आठवड्यात दळतोय". सूट ठेवली फक्त चौथ्या गटाला, कारण तेच चार दुकानं बघून घेतात.

खरेदीवरून जेवढं दिसतं त्याच्यापुढे जाऊ नये, हे मी चुकून शिकले. पार्सलवाल्यांना "लेकरांना फराळ पाठवायचाय ना?" असं लिहिलं होतं. एका गृहस्थांचं उत्तर आलं, की मला मूलबाळ नाही, डबा बहिणीचा होता. दोनच ओळी होत्या, पण मला अजून आठवतात. पिनकोडवरून गाव कळतं, नातं कळत नाही. तेव्हापासून "दूर असलेल्या घरच्यांना" एवढंच लिहिते.

दुसरी चूक याहून मोठी. वर्षभर ऑर्डर नसलेल्यांना मी "बऱ्याच दिवसांत भेट नाही" असा मेल केला. दुसऱ्या दिवशी महालातल्या एक काकू मोबाइल हातात घेऊन काउंटरवर आल्या. "काहून जी, परवाच तर दोन किलो चिवडा नेला मी. विसरले का मले?" त्या रोख देऊन नेतात, त्यांचं नाव ऑनलाइन फाइलमध्ये येणार कुठून? इतवारीतल्या दुकानाची अर्धी खरेदी अशीच असते. तेव्हापासून काउंटरवर बिल करताना मोबाइल नंबर विचारतो, आणि देणाऱ्यांचा तो नंबर ऑनलाइन ऑर्डरीतल्या नंबराशी जुळवतो. जे जुळत नाहीत त्यांच्याविषयी "आला नाहीत" असं काहीही लिहीत नाही.

फरक पडला का हे बघायला किती मेल उघडले गेले ते मी धरत नाही. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आहे. ती चालू असेल तर न वाचलेला मेलही उघडल्यासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक गटाला वेगळा कोड देते आणि आलेल्या ऑर्डरी मोजते. शिवाय प्रत्येक गटातले थोडे लोक चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून त्यांना जुना सरसकट मेल पाठवते, म्हणजे तुलनेला काहीतरी राहतं. ऑफिसवाल्यांत हे करत नाही. ते मोजके आहेत, त्यांना फोनच करते.

२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे भाजणीचा मेल १८ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दोन दिवस आधी जाईल, आणि त्या आठवड्यात गिरणीवाल्याला सकाळची वेळ आमच्यासाठी राखून ठेवायला सांगावं लागेल.