नवरा ओमानमध्ये, लेकीचा पासपोर्ट इथे

लेक सहा वर्षांची. तिचा पहिला पासपोर्ट काढायचा होता आणि तिचे बाबा ओमानमध्ये दुक्मला, बंदराजवळच्या साइटवर. दोघांचीही संमती, भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. त्यामुळे मी धरून चालले होते की काम सरळ होईल. जन्मदाखला, माझा पासपोर्ट, आधार आणि ॲनेक्शर डी. हे ॲनेक्शर म्हणजे आईवडिलांनी साध्या कागदावर सही करून द्यायचं घोषणापत्र. पूर्वी त्याला स्टँपपेपर, नोटरी असला सगळा थाट लागायचा. तो 2016 च्या शेवटी बंद झाला, एवढं मला ठाऊक होतं. तेव्हा मी फॉर्म नवऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवला, त्याने प्रिंट काढून सही केली, स्कॅन करून परत पाठवला, मी त्याच्या शेजारी माझी सही केली. आठ वर्षांखालच्या मुलांना दहा टक्के सूट असते, म्हणून हजाराऐवजी नऊशे रुपये ऑनलाइन भरले आणि अपॉइंटमेंट घेतली.

केंद्रात ए काउंटरवर लेकीचा फोटो काढला. तिथल्या मुलीने कागद चाळले आणि ॲनेक्शरवर थबकली. "मॅडम, मिस्टर आलेत का?" म्हटलं, ते बाहेरदेशी आहेत. "मग ही सही त्यांनी कुठे केली?" मी खरं ते सांगितलं, तिकडे केली, स्कॅन करून पाठवली. तिने आम्हाला बी काउंटरवर सोडलं, पण तिथल्या अधिकाऱ्यांनी पाचच मिनिटांत फाइल होल्डवर टाकली.

त्यांचं म्हणणं ऐकल्यावर मला राग धरता आला नाही. बाप भारतात असेल तर त्याची साध्या कागदावरची सही चालते, कारण इथे घोषणापत्र खोटं निघालं तर त्याला जाब विचारता येतो. बाप परदेशात असेल तर ती सही त्यानेच केली हे इथे बसून कोण सांगणार? म्हणून तिकडच्या भारतीय दूतावासात जाऊन त्याने प्रतिज्ञापत्र करायचं, त्यावर दूतावासाचा सहीशिक्का घ्यायचा आणि ते अस्सल कागद इथे आणायचे. सोबत इथे राहणाऱ्या पालकाचं ॲनेक्शर डी. म्हणजे ॲनेक्शर माझं एकटीचं आणि त्याचं प्रतिज्ञापत्र वेगळं. मी दोन्ही एकाच कागदावर उरकायला गेले होते.

बाहेर आले तर फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातले दादा म्हणाले, "कशाला एवढा खटाटोप ताई, ॲनेक्शर सी भरा. नवरा बाहेर आहे लिहा, तुमच्या एकटीच्या सहीवर होतंय." मोह झालाच. घरी येऊन सी नीट वाचला, तेव्हा तो वेगळ्याच माणसांसाठी आहे हे लक्षात आलं. दुसऱ्या पालकाची संमती मिळालेली नाही, ती का मिळाली नाही, मूल माझ्याच ताब्यात आहे आणि पुढे या पासपोर्टवरून वाद झाला तर जबाबदारी माझी, असं त्यात आपण लिहून देतो. माझ्या एका मैत्रिणीचा नवरा घर सोडून गेला, फोन उचलत नाही. तिने मुलाचा पासपोर्ट सीवरच काढला आणि ते बरोबरच होतं. तिच्याकडे पोलीस चौकशीला आले, त्यांनी शेजारच्या काकूंनाही विचारलं. तिला त्याची भीती नव्हती, कारण लिहिलेलं सगळं खरं होतं. माझा नवरा मात्र रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल करतो. त्याची संमती "मिळाली नाही" असं मी कोणत्या तोंडाने लिहिणार?

आता गाडी अडली ती मस्कतला, कारण भारतीय दूतावास तिथे. दुक्मपासून मस्कत पाचशे किलोमीटरच्या वर. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार, आणि त्याच दिवशी दूतावासालाही सुट्टी. म्हणजे सुट्टीच्या दिवशी जाऊन यायची सोयच नाही. त्याला साहेबाकडून मधल्या वाराची रजा मागावी लागली आणि तीन आठवड्यांनी ती मिळाली. एका परीने बरंच झालं, कारण तेवढ्या वेळात आम्ही मजकूर पक्का केला.

मजकूर एक पानाचाच होता. त्याचं नाव, पासपोर्ट नंबर, ओमानचा पत्ता आणि रेसिडेंट कार्डाचा नंबर. मग लेकीचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव. मग आईचं नाव, आणि ती भारतात करत असलेल्या अर्जावर लेकीला पासपोर्ट द्यायला माझी हरकत नाही, हे वाक्य. अवघड एवढंच की प्रत्येक नाव जन्मदाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. आपल्याकडे मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव अशी तिहेरी रांग. फॉर्ममध्ये मात्र दोनच रकाने, त्यामुळे पहिल्या रकान्यात तिचं आणि बापाचं नाव, दुसऱ्यात आडनाव. नवऱ्याने पहिल्या मसुद्यात सवयीने फक्त लेकीचं नाव आणि आडनाव लिहिलं होतं. माझ्या नावातही एक इंग्रजी 'ए' जास्त पडला होता. रात्री फोन कानाला लावून, मी दाखल्यावरून एकेक अक्षर वाचतेय आणि तो तिकडे टाइप करतोय, असं आम्ही ते संपवलं.

शेवटी मी बजावलं, "खाली सही करू नकोस हं, तिथे त्यांच्यासमोरच कर." तरी पठ्ठ्याने निघताना सही करून घेतलीच. मस्कतला खिडकीवर तो कागद बाजूला ठेवला गेला. बाहेर जाऊन नवीन प्रिंट काढावी लागली. समोर सही केल्याशिवाय ते शिक्का मारत नाहीत, आणि का मारावा? स्वतःच्या पासपोर्टची आणि रेसिडेंट कार्डाची झेरॉक्स त्याने स्वतःची सही करून सोबत जोडली. त्याचा अस्सल पासपोर्ट तिकडेच असणार होता, म्हणून ही प्रत उपयोगी पडली.

कागद कुरियरने पाठवायला माझं मन होईना. त्याच्या साइटवरचे एक काका रजेवर येत होते. त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ते आणले आणि मी एसटी स्टँडवर जाऊन घेतले.

दुसऱ्या खेपेला पैसे पुन्हा भरावे लागले नाहीत. अर्जाचा नंबर तोच होता, फक्त अपॉइंटमेंट नवीन. बी काउंटरवर तेच अधिकारी. त्यांनी प्रतिज्ञापत्र उजेडाकडे धरून शिक्का पाहिला, त्यातला पासपोर्ट नंबर झेरॉक्सवरच्या नंबराशी बोटाने टिपत जुळवला. आमच्या दोघांच्या पासपोर्टवर जोडीदार म्हणून एकमेकांची नावं आहेत का, हेही पाहिलं. माझ्या पासपोर्टवर लग्नानंतर मी नवऱ्याचं नाव चढवून घेतलं होतं. तेव्हा ती निव्वळ कटकट वाटली होती. सी काउंटरवर लेकीला विचारलं, "बाबा कुठे आहेत?" ती म्हणाली, "मोबाइलमध्ये." साहेब हसले आणि फाइल पुढे गेली.

पासपोर्ट स्पीड पोस्टाने आला, पाच वर्षांच्या मुदतीचा. पहिल्या अपॉइंटमेंटपासून सात आठवडे झाले होते. शेवटच्या पानावर आमची दोघांची नावं छापलेली होती, त्या पानाचा फोटो मी नवऱ्याला पाठवला. बराच वेळ निळ्या टिका दिसत होत्या, उत्तर नाही. मग मेसेज आला: "झूम करून बघितलं. एकच ए आहे."